कोर्लईची नो लिंग आणि इनारीचं पाळणाघर

(अलिबाग येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांनी कोर्लईचा किल्ला पाहिलाय. रेवदंड्याचा पूल ओलांडला की समोर तो डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावात जी बोली चालते, ती मात्र फार थोड्यांनी कान देऊन ऐकली असेल. गावातली ख्रिस्ती माणसं तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. सोळाव्या शतकात चौलला पोर्तुगीज आले, इथल्या माणसांशी त्यांचे संसार झाले, आणि त्यातून ही बोली जन्मली. शब्द बरेचसे पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची ठेवण आपल्यासारखी: क्रियापद शेवटी. 1740 मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, बोली मात्र इथेच राहिली. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास, कदाचित त्याहूनही कमी असतील. दहा हजारांहून कमी लोक बोलतात अशा भाषांची नावं 1971 पासून आपल्या जनगणनेच्या तक्त्यांत वेगळी छापली जात नाहीत. त्यामुळे सरकारी कागदावर ही भाषा दिसतच नाही.

माझ्या मते विचारण्यासारखा पहिला प्रश्न हा की ही बोली अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकली कशी? राज्यकर्ते गेले, त्यांची भाषा शिकवणारी शाळा नव्हती, लिपी नव्हती. टिकली ती वस्तीच्या घडणीमुळे. शेजारी हिंदू, हे ख्रिस्ती, त्यामुळे सोयरीक आपल्याच वस्तीत. पूल होण्याआधी खाडी ओलांडायला होडी लागायची. घर, लग्न, शेजार हे सगळं एकाच भाषेत चालायचं आणि पोराला दुसरीकडे जायचं कारणच पडत नव्हतं.

मग हे एकेक करून सुटत गेलं. शाळा मराठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभर चर्चमधली उपासना स्थानिक भाषांत आली, आणि इथे स्थानिक म्हणजे मराठी. रस्ता झाला, पोरं नोकरीला अलिबागला, मुंबईला गेली. यातली एकही गोष्ट वाईट नाही, आणि भाषेवर कोणी बंदीही घातली नाही. पण आई एके दिवशी विचार करते, पोराला शाळेत अडायला नको, आणि त्याच्याशी मराठीत बोलायला लागते. तिच्या त्या निर्णयात प्रेमच असतं. मात्र असे निर्णय पन्नास घरांत झाले की पुढच्या वीस वर्षांत भाषा आजी-आजोबांपुरती उरते. याच कुळातली कोचीकडची बोली अशीच गेली. तिथल्या वैपिन बेटावरचे विल्यम रोझारियो 2010 मध्ये वारले आणि ती सफाईने बोलणारं कोणी उरलं नाही.

आता, वाचवायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली सूचना येते शब्दकोशाची, दुसरी महोत्सवाची. शब्दकोश हवाच, पण त्याने कोणी पोर बोलायला लागत नाही. शाळेत विषय म्हणून ठेवा, अशी तिसरी सूचना. आयर्लंडने 1922 पासून तेच केलं. स्वतःचं राज्य, स्वतःचं सरकार, शाळेत आयरिश सक्तीची. पिढ्यान् पिढ्या मुलं परीक्षा देत आली, तरी आयरिश जिथे घरात बोलली जायची तो पश्चिम किनाऱ्याचा पट्टा आक्रसतच गेला. वर्गातली भाषा वर्गात राहिली.

जिथे खरोखर काही साधलं, तिथे काम तीन-चार वर्षांच्या मुलांपासून सुरू झालं. न्यूझीलंडच्या माओरींनी 1982 मध्ये ‘भाषेचं घरटं’ ही कल्पना उभी केली. मला तुमच्यापुढे ठेवायचं आहे ते तिचंच फिनलंडमधलं रूप, कारण त्या समाजाचा आकार कोर्लईच्या जवळचा आहे. उत्तरेला इनारी नावाच्या सरोवराभोवती इनारी सामी बोलणारे जेमतेम साडेतीनशे लोक होते, आणि मुलांमध्ये ती भाषा जवळजवळ संपली होती. 1986 मध्ये त्यांनी आपली भाषासंस्था काढली आणि 1997 मध्ये घरटं सुरू केलं.

घरटं म्हणजे पाळणाघर. तिथे धडा नसतो, पाटी नसते. मुलाला कोट घालताना, जेवू घालताना, बाहेर बर्फात नेताना बाई पहिल्या दिवसापासून फक्त इनारी सामीच बोलते. मूल फिनिशमध्ये उत्तर देतं, कोणी रागावत नाही. पण बाई पुन्हा इनारी सामीतच बोलते आणि भाषांतर करून देत नाही. मूल आधी समजायला लागतं, मग हळूहळू बोलायला लागतं. पुष्कळांच्या आईबापांना ती भाषा येतही नव्हती. हे काम बिघडतं ते एकाच जागी: मूल रडलं, घाई झाली, की मोठ्यांच्या तोंडी सोपी, मोठी भाषा येते. दोन्ही भाषा थोड्या थोड्या चालवू असं ठरवलं की मोठी भाषा जिंकते. घरटं चालतंय का, हे बाईशी मूल काय बोलतं यावरून कळत नाही. खेळताना दोन मुलं एकमेकांशी कुठल्या भाषेत भांडतात, ते ऐकावं.

मुलं मोठी झाली आणि खरी अडचण पुढे आली. शाळेला शिक्षक हवेत, पाळणाघराला नव्या बाया हव्यात. पण भाषा येणारे बहुतेक म्हातारे आणि वीस ते पन्नास वयाची पिढी रिकामी. तेव्हा त्यांनी 2009-10 मध्ये सतरा प्रौढ माणसांना घेऊन एक पूर्ण वर्षाचा अभ्यासक्रम चालवला. निवडताना पाहिलं ते हे की ही माणसं पुढे भाषा आपल्या कामात वापरतील का: शिक्षक, पाळणाघरातल्या बाया, पत्रकार. आधी वर्गात कसून भाषा. सोबत मासेमारी, हस्तकला, इथलं जगणं, तेही त्याच भाषेत. मग एकेका म्हाताऱ्या जाणकाराच्या घरी जाऊन बसायचं, त्याच्याबरोबर काम करत बोलायचं. शेवटी पाळणाघरात, शाळेत, रेडिओवर उमेदवारी. त्यांतले बरेच जण पुढे भाषेच्याच कामात राहिले.

याची मर्यादाही सांगतो. बोलणारे अजून काहीशेच आहेत. नव्यांची भाषा म्हाताऱ्यांसारखी नाही. आणि हे सगळं सरकारी पैशावर उभं आहे, कारण सामी भाषांना तिथे कायद्याचा आधार आहे. पण मुलं नव्हती तिथे मुलं बोलायला लागली, हे घडलं.

कोर्लईला यातली एक फार मोठी सोय आहे. इथे ती मधली पिढी अजून बोलते. इनारीला वर्षभर खर्चून जी माणसं तयार करावी लागली, ती इथे घराघरांत आहेत. तेव्हा कोशाआधी मी एक खोली मागेन. त्यात सकाळचे चार तास, गावातल्याच दोन-तीन बाया आणि अडीच ते सहा वर्षांची मुलं. मराठी त्या खोलीत नको. मराठीची काळजी कोणी करू नये. ती शाळेत, बाजारात, टीव्हीवर मुलाला मिळणारच आहे. बायांना पगार हवा, दोन महिन्यांचा उत्साह पुरणार नाही. लिहायची वेळ आली तर देवनागरीत लिहावं, मुलांना तीच ओळखीची. आणि हे सगळं गावाने मागितलं तरच. आपण शेजाऱ्यांनी ठरवून गावावर लादलेलं घरटं चालत नाही. आपलं काम दुसरं आहे. कोर्लईची बाई रेवदंड्याच्या बाजारात पोराशी आपल्या भाषेत बोलली, की वळून बघणारे, हसणारे आपणच असतो. ते थांबवायला कुठल्याही अनुदानाची वाट बघावी लागत नाही.