८ एक्सपर्ट, पण कामाला फक्त २: मिक्स्चर ऑफ एक्सपर्ट्समध्ये राउटर नक्की काय करतो?

नमस्कार मंडळी. मिक्स्ट्रल नावाचं एक मॉडेल डिसेंबर २०२३ मध्ये आलं. त्याचं पूर्ण नाव स्क्रीनवर दिसतंय, `Mixtral 8x7B`. नाव वाचून कुणीही आठ साते छप्पन्न असा हिशोब करतो आणि ५६ अब्ज पॅरामीटर, म्हणजे मॉडेलने शिकलेले आकडे, धरतो. प्रत्यक्षात आहेत ४६.७ अब्ज. आणि एका टोकनसाठी, म्हणजे मजकुराच्या एका छोट्या तुकड्यासाठी, त्यातले वापरले जातात फक्त १२.९ अब्ज. हे दोन आकडे कुठून आले ते आधी बघू, कारण त्या बेरजेत या रचनेचा निम्मा उलगडा आहे.

ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक लेयरचे दोन भाग असतात. एक अटेन्शन, जिथे टोकन एकमेकांकडे बघतात. दुसरा फीडफॉरवर्ड, जिथे प्रत्येक टोकन एकटंच मोठमोठ्या मॅट्रिक्समधून जातं. जागा खातो तो हा दुसरा भाग. मिक्स्ट्रलमध्ये अटेन्शन जसंच्या तसं ठेवलंय आणि फीडफॉरवर्डच्या ८ वेगवेगळ्या प्रती केल्या आहेत. त्यांनाच एक्सपर्ट म्हणतात. म्हणजे ८ स्वतंत्र मॉडेलं शेजारी शेजारी उभी आहेत, हा समज इथेच सोडून द्या. अटेन्शन सगळ्यांचं एकच आहे, म्हणून ५६ होत नाहीत.

[स्क्रीनवर बेरीज]

एका एक्सपर्टमध्ये ४०९६ × १४३३६ आकाराची ३ मॅट्रिक्स. गुणाकार केला की साधारण १७.६ कोटी पॅरामीटर. असे ८ एक्सपर्ट आणि असे ३२ लेयर, म्हणजे ४५.१ अब्ज. सगळ्या लेयरचं अटेन्शन मिळून जेमतेम १.३४ अब्ज, आणि शब्दसंग्रहाची सुरुवातीची आणि शेवटची मॅट्रिक्स धरून आणखी ०.२६. झाले ४६.७. आता ८ च्या जागी २ एक्सपर्ट घाला, की उत्तर येतं १२.९. बचत झाली ती फक्त फीडफॉरवर्डमध्ये, पण बहुतेक वजन तिथेच असल्यामुळे ती भरपूर आहे.

मग कोणते २, हे कोण ठरवतं? राउटर. नाव भारदस्त आहे, पण आत बघाल तर ४०९६ × ८ चं एक छोटंसं मॅट्रिक्स. एका टोकनपुरता हिशोब एवढाच:

```python
logits = x @ W_gate
top, idx = torch.topk(logits, 2)
w = torch.softmax(top, dim=-1)
y = w[0]*experts[idx[0]](x) + w[1]*experts[idx[1]](x)
```

टोकनचा व्हेक्टर `x` आला, त्याला ८ गुण मिळाले. समजा तिसऱ्या एक्सपर्टला २.१ आणि सहाव्याला १.४ मिळाले, बाकीचे त्याहून खाली. सॉफ्टमॅक्स, म्हणजे गुणांचे बेरीज १ होईल असे वाटे करणं, फक्त या दोघांवर लावायचा: ०.६७ आणि ०.३३. दोघांची उत्तरं त्या प्रमाणात मिसळायची आणि पुढे पाठवायची. उरलेल्या ६ जणांचं गणित झालंच नाही. पुढच्या लेयरमध्ये वेगळा राउटर, वेगळे ८ एक्सपर्ट, पुन्हा निवड. एका टोकनच्या वाटेत असं ३२ वेळा होतं.

एक्सपर्ट म्हटलं की एक गणिताचा, एक कायद्याचा, एक औषधांचा, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. मिक्स्ट्रल बनवणाऱ्यांनी ते तपासलं. संशोधन लेख, वैद्यकीय मजकूर, तत्त्वज्ञान असे वेगवेगळे मजकूर देऊन कोणता एक्सपर्ट किती वेळा निवडला जातो ते मोजलं. विषयानुसार वाटणी जवळजवळ दिसलीच नाही. दिसलं ते भलतंच: पायथनमधला `self` हा शब्द किंवा कोडच्या ओळीआधीची रिकामी जागा, अशी टोकनं वारंवार त्याच त्या एक्सपर्टकडे जातात. म्हणजे विभागणी झालीय, पण विषयापेक्षा मजकुराच्या घडणीवर. मला विचाराल तर ‘एक्सपर्ट’ हे नाव जरा जास्तच कौतुकाचं आहे.

आता खरी अडचण. राउटरला कोण शिकवतं? कुणीच थेट नाही. अमुक टोकन अमुक एक्सपर्टकडे पाठव, असा डेटा कुठेही नसतो. राउटर बाकी मॉडेलबरोबरच शिकतो, आणि तिथेच घोळ होतो. सुरुवातीला सगळे एक्सपर्ट सारखेच अडाणी. नुसत्या योगायोगाने एकाला थोडे जास्त गुण मिळाले, तर त्याच्याकडे जास्त टोकनं जातात. जास्त टोकनं म्हणजे जास्त ग्रेडियंट, म्हणजे कुठे कसं बदलायचं याचे जास्त इशारे, म्हणून तो लवकर सुधारतो. सुधारला म्हणून राउटर त्याला आणखी गुण देतो. ज्याच्याकडे कुणी गेलंच नाही त्याला ग्रेडियंटही मिळत नाही, त्यामुळे तो कायमचा कच्चा राहतो. थोड्याच वेळात दोन-तीन एक्सपर्ट सगळा भार उचलतायत आणि बाकीचे नुसतेच मेमरी अडवून बसलेत.

हे ओळखायचं कसं? फक्त लॉसचा, म्हणजे मॉडेलच्या चुकीच्या मापाचा, आलेख बघून कळत नाही, कारण लॉस कमी होतच असतो, फक्त व्हायला हवा तितका होत नाही. त्यासाठी प्रत्येक लेयरमध्ये प्रत्येक एक्सपर्टकडे गेलेल्या टोकनांचा वाटा वेगळा नोंदवावा लागतो. एखादी रेघ शून्याला चिकटली आणि वर यायचं नाव घेत नसेल, तर तो एक्सपर्ट गेला.

यावरचा प्रसिद्ध उपाय २०२१ च्या स्विच ट्रान्सफॉर्मर या गूगलच्या मॉडेलमध्ये आहे. एक्सपर्टची कल्पना जुनी, १९९१ ची. २०१७ मध्ये गूगलच्या नोम शझीर आणि सहकाऱ्यांनी ती मोठ्या भाषा मॉडेलमध्ये आणली, आणि समतोलासाठी जादा लॉस तेव्हाही होताच. स्विचमध्ये तो सुटसुटीत झाला:

```
loss_aux = α · N · Σ f_i · P_i
```

`N` म्हणजे एक्सपर्ट किती. `f_i` म्हणजे त्या एक्सपर्टकडे प्रत्यक्षात गेलेल्या टोकनांचा वाटा. `P_i` म्हणजे राउटरने त्याला दिलेली सरासरी संभाव्यता. आकडे घालून बघू. ४ एक्सपर्ट, १०० टोकनं, प्रत्येक टोकन एकाच एक्सपर्टकडे. स्विचमध्ये तसंच असतं. सगळं समान वाटलं तर प्रत्येकाचे `f` आणि `P` दोन्ही ०.२५. गुणाकारांची बेरीज ०.२५, गुणिले ४, उत्तर १. आता एकाकडे ७० आणि बाकीच्यांकडे १०-१० गेले, आणि `P` पण तसंच आहे असं धरा. ०.४९ अधिक तीन वेळा ०.०१, म्हणजे ०.५२. गुणिले ४, उत्तर २.०८. असमतोलाचा दंड दुपटीवर गेला.

पण नुसता `f` चा वर्ग का नाही घेतला? सोबत `P` कशाला घेतला? यातली गोम अशी, की `f` म्हणजे मोजणी आहे. टोकन एक तर गेलं किंवा नाही गेलं, त्यातून ग्रेडियंट वाहत नाही. `P` मात्र सॉफ्टमॅक्समधून येतो, त्यातून वाहतो. म्हणून `f` इथे वजनाचं काम करतो: ज्याच्याकडे गर्दी जास्त, त्याचा `P` जास्त जोरात खाली ढकलला जातो. राउटरच्या सगळ्या गणितात मला ही युक्ती सर्वांत देखणी वाटते.

`α` त्यांनी ०.०१ ठेवला होता. तो फार लहान असेल तर गर्दी हटत नाही. फार मोठा असेल तर राउटर टोकनकडे बघायचंच सोडतो आणि फक्त समान वाटप करत बसतो. मग वाटप अगदी समान होतं, पण निवडीला अर्थ उरत नाही.

गर्दीचा आणखी एक फटका आहे. एक्सपर्ट बऱ्याचदा वेगवेगळ्या जीपीयूवर ठेवलेले असतात, आणि सर्वांत जास्त भार असलेल्या जीपीयूसाठी बाकीचे थांबून राहतात. म्हणून स्विचमध्ये प्रत्येक एक्सपर्टला मर्यादा घालतात. वरच्या उदाहरणात समान वाटा २५, त्याच्या १.२५ पट म्हणजे ३१ टोकनं. ७० आली तर ३९ टोकनं त्या लेयरच्या फीडफॉरवर्डमधून जातच नाहीत, तशीच पुढे सरकतात. प्रोग्रॅम बंद पडत नाही, कुठे एरर येत नाही, म्हणून हे सहज नजरेतून सुटतं.

डिसेंबर २०२४ च्या डीपसीक-व्ही३ ने वेगळी वाट काढली. एकूण ६७१ अब्ज पॅरामीटर, त्यातले टोकनमागे ३७ अब्ज वापरात. लेयरमागे २५६ एक्सपर्टमधून ८ निवडायचे आणि शिवाय एक सगळ्यांसाठी कायम चालू. त्यांनी प्रत्येक एक्सपर्टच्या गुणात एक बायस, म्हणजे वरून एक छोटा आकडा, मिळवला. प्रशिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यानंतर ज्याच्याकडे गर्दी झाली त्याचा बायस किंचित कमी करायचा, जो रिकामा राहिला त्याचा वाढवायचा. हा बायस फक्त निवडीपुरता. उत्तरं मिसळताना मूळ गुणच वापरायचे. त्यामुळे समतोलाचा दंड मुख्य लॉसशी फारसा भांडत नाही. जादा लॉस त्यांनी पूर्ण सोडला नाही, अगदी नावापुरता ठेवला.

शेवटचा मुद्दा, आणि इथेच बरेच जण फसतात. गणित वाचलं, मेमरी नाही. कोणतं टोकन कोणाकडे जाईल हे आधी माहीत नसल्यामुळे सगळे एक्सपर्ट हाताशी ठेवावेच लागतात. मिक्स्ट्रल १६ बिटमध्ये सुमारे ९३ जीबी, ४ बिटमध्ये आणलं तरी सुमारे २३ जीबी, आणि त्यात कॅश वगैरे धरलं की २४ जीबीचं कार्ड पुरत नाही. ‘१३ अब्जचं तर मॉडेल आहे’ म्हणून डाउनलोड कराल तर पंचाईत होईल.

वेगाचंही तसंच. एकच माणूस वापरत असेल तर टोकनमागे ९३ ऐवजी सुमारे २६ जीबी वजनं, म्हणजे तेच पॅरामीटर, वाचावी लागतात, मॉडेल झपाझप चालतं. आता एकाच वेळी ८ जणांची टोकनं आली. निवड समान पसरलेली धरली तर एखादा एक्सपर्ट आठही जणांनी टाळण्याची शक्यता ०.७५ चा आठवा घात, म्हणजे जेमतेम १० टक्के. ८ पैकी सरासरी ७.२ एक्सपर्ट वाचावेच लागतात. वाचन जवळजवळ पूर्ण, पण एकेका एक्सपर्टच्या वाट्याला काम मात्र सरासरी २ टोकनांचं. मेमरीतून वजनं आणण्यातच वेळ जातो आणि जीपीयू वाट बघत राहतो. बॅच, म्हणजे एका वेळी आलेली टोकनं, शेकड्यांत गेली की प्रत्येक एक्सपर्टला पुरेशी टोकनं मिळतात आणि गणितातली बचत पुन्हा वेगात दिसायला लागते. म्हणून हजारो लोकांना सेवा देणाऱ्या सर्व्हरला ही रचना मानवते, एकट्याने वापरणाऱ्यालाही मानवते, फक्त त्याच्याकडे मेमरी हवी. अवघड जातं ते मधल्यांना, पाच-दहा जणांच्या टीमसाठी एक मशीन चालवणाऱ्यांना.