घरातल्या शुश्रूषेचा महिन्याचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

वृद्ध आई किंवा वडील रुग्णालयातून घरी येतात, पण स्वतःच्या बळावर अंथरुणातून उठू शकत नाहीत, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो तो महिन्याला किती पैसे लागतील हा. बहुतेक कुटुंबे पहिल्या महिन्याच्या पावत्या एकत्र करतात आणि ती बेरीज म्हणजेच महिन्याचा खर्च असे धरून चालतात. या बेरजेत पलंगासाठी भरलेली अनामत रक्कम आणि टेम्पोचे भाडे असे एकदाच होणारे खर्च मिसळलेले असतात आणि नेहमीचा खर्च त्यात झाकला जातो. तो नीट वेगळा कसा काढावा, हे आज एका उदाहरणावरून पाहू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर बरे. यातले दर मी उदाहरणापुरते धरले आहेत. तुमच्या गावातील दर दोन-तीन ठिकाणी विचारून त्यांच्या जागी घालावेत, हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

समजा, पुण्यातील एका कुटुंबात ७९ वर्षांच्या आईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आहे, गिळता येत नाही म्हणून नाकातून जठरापर्यंत राइल्स ट्यूब घातली आहे आणि लघवीसाठीही नळी आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात.

सर्वांत मोठी रक्कम सांभाळणाऱ्या माणसाची असते, म्हणून सुरुवात तिथूनच करू. अशा बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडे चौकशी केली की रोजाचा दर सांगितला जातो, आणि आपण मनातल्या मनात त्याला तीसने गुणतो. वर्षातले सात महिने मात्र ३१ दिवसांचे असतात. म्हणून रोजच्या कोणत्याही खर्चाला ३६५ ने गुणावे आणि १२ ने भागावे. चोवीस तास घरी राहणाऱ्या मावशींचा रोज १,१०० रुपये असेल, तर महिन्याचे सुमारे ३३,४६० रुपये होतात. त्यांचा चहा, नाश्ता आणि दोन वेळचे जेवण यांचे रोज १२० रुपये धरले तर ३,६५० रुपये वाढतात. दिवसभर रुग्णाजवळ राबणाऱ्या बाईला घरच्यासारखेच ताजे जेवण मिळाले पाहिजे, त्यामुळे ही रक्कम हिशेबातून वगळू नये. ब्युरोची नोंदणी फी सहा महिन्यांसाठी ६,००० रुपये असेल, तर दरमहा १,००० रुपये मांडावेत. असे एकूण ३८,११० रुपये झाले.

ब्युरोला तीन गोष्टी आधीच विचारून ठेवाव्यात. मावशी सुट्टीवर गेल्या तर बदली बाई त्याच दरात मिळते का? सणाच्या दिवशी दुप्पट रोज द्यावा लागतो का? आणि आपण देतो त्या पैशांतले मावशींच्या हातात किती पडतात? तिसरा प्रश्न खासगी वाटला तरी तो आपल्या हिताचा आहे, कारण ज्या बाईला फार थोडे मिळते ती दुसरीकडे चार पैसे जास्त मिळताच जाते, आणि नव्या बाईला सगळे पुन्हा शिकवावे लागते.

आता या हिशेबातला सर्वांत नाजूक भाग. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी असलेली बाई नव्हे. तिलाही रात्री सलग झोप हवी. पक्षाघाताच्या रुग्णाला मात्र साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर माकडहाड, टाचा आणि खुबे यांवर दाब राहून जखमा होतात. हवेची गादी आणली की वळवण्याची गरज उरत नाही, असे अनेकांना वाटते. गादीने दाब कमी होतो, पण वळवणे सुटत नाही. रात्रीचे काम घरच्यांनी वाटून घेणे शक्य नसेल, तर बारा-बारा तासांच्या दोन बायका लावाव्या लागतात. त्यांचा प्रत्येकी ८५० रुपये रोज धरला तर दिवसाचे १,७०० रुपये होतात, म्हणजे आधीपेक्षा दिवसाला ६०० रुपये आणि महिन्याला १८,२५० रुपये जास्त.

ही रक्कम ऐकून कोणीही मागे सरेल. पण दुसरी बाजूही मांडून पाहू. पाठीवर जखम झाली आणि रोज परिचारिकेने घरी येऊन मलमपट्टी करायची म्हटले, तर तिच्या एका फेरीचे ६०० रुपये धरले तरी महिन्याला तेवढेच १८,२५० रुपये जातात. मलमपट्टीचे सामान आणि आईंच्या वेदना त्याहून वेगळ्या. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, रात्री वळवायला कोण उठणार हे ठरल्याशिवाय माणसाचा खर्च ठरवू नये. आपल्या उदाहरणात मुलगा आणि सून रात्रीच्या वेळा वाटून घेतात, म्हणून चोवीस तासांच्या एकाच मावशी पुरतात. ही व्यवस्था पुरी पडते की नाही, हे रोज सकाळी आंघोळीच्या वेळी पाठ पाहून कळते. माकडहाडावर लाल किंवा काळपट डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावरही त्याचा रंग बदलला नाही, तर जखमेची सुरुवात झालेली असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते.

पूर्णवेळ परिचारिका या रुग्णाला लागत नाही. नळ्या बदलणे हे मात्र प्रशिक्षित परिचारिकेचेच काम आहे, ते मावशींवर सोपवू नये. राइल्स ट्यूब चुकून श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते. नळी किती दिवसांनी बदलायची हे तिच्या प्रकारावर अवलंबून असते आणि ते डॉक्टर सांगतात. एक ठरलेली फेरी आणि रुग्णाने नळी ओढून काढली तर एक अचानक फेरी, अशा दोन फेऱ्यांचे १,२०० आणि सामानाचे ८०० मिळून २,००० रुपये धरू. डायपर रोज तीन, प्रत्येकी ४० रुपयांचे, म्हणजे ३,६५० रुपये. अंडरपॅड, हातमोजे आणि नळीतून देण्याची प्रथिनांची पावडर यांचे ४,१६० रुपये.

औषधांकडे वळण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण तिथे पैसा आणि सुरक्षितता दोन्ही अडकलेली आहेत. नळीतून औषध द्यायचे तर गोळी कुटून पाण्यात मिसळावी लागते, आणि प्रत्येक गोळी कुटता येत नाही. पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल अशी अक्षरे असतील, तर ते औषध दिवसभर हळूहळू रक्तात उतरावे म्हणून तशी गोळी बनवलेली असते. ती कुटली की सगळा डोस एकदम शरीरात जातो. काही गोळ्यांवर जठरातील आम्लापासून बचाव करणारे वेष्टण असते, तेही कुटल्यावर निकामी होते. म्हणून रुग्णालयातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, “यातली कोणती औषधे नळीतून देता येणार नाहीत?” त्यावर ते पर्याय लिहून देतात, तो बहुधा द्रव औषधाचा असतो, आणि मग किंमत बदलते.

हिशेब करताना पट्टीची किंमत न धरता एका गोळीची किंमत काढावी, कारण काही पट्ट्या १० गोळ्यांच्या तर काही १५ गोळ्यांच्या असतात. आपल्या उदाहरणात गोळ्यांचा रोजचा खर्च ७५ रुपये आहे, त्याचे महिन्याचे २,२८० रुपये होतात. आकडी येऊ नये म्हणून दिलेले द्रव औषध दिवसातून दोनदा पाच-पाच मिलिलिटर लागते, म्हणजे १०० मिलिलिटरची बाटली दहा दिवसांत संपते. महिन्याला तीन बाटल्या, ३५० रुपयांप्रमाणे १,०५० रुपये. औषधांचे एकूण ३,३३० रुपये झाले. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहून दिले तर जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळू शकते, मात्र बदल त्यांना विचारूनच करावा. आठवड्यातून तीन वेळा फिजिओथेरपी, ५०० रुपये फेरीने, ६,५०० रुपये. डॉक्टरांची घरी भेट आणि रक्ततपासणी यांचे १,५०० रुपये.

उपकरणांत डोक्याकडची बाजू उचलता येणारा फाउलर बेड आवश्यकच आहे, कारण नळीतून अन्न देताना आणि त्यानंतर काही वेळ आईंना निजवून ठेवता येत नाही. त्याचे भाडे २,५०० रुपये आणि चाकाच्या खुर्चीचे ६०० रुपये धरू. हवेची गादी मात्र विकत घ्यावी असे मी सुचवेन. ७०० रुपये भाड्याची गादी ३,६०० रुपयांना विकत मिळत असेल, तर सहाव्या महिन्यात ती भाड्यापेक्षा स्वस्त पडते, शिवाय दुसऱ्याने वापरलेली गादी घ्यावी लागत नाही. ती वर्षभर टिकेल असे धरून महिन्याचे ३०० रुपये मांडू. उपकरणांचे ३,४०० रुपये झाले. घरी ऑक्सिजनचे यंत्र लागणार असेल, तर भाड्याइतकेच विजेकडेही लक्ष द्यावे. साधारण ३५० वॅटचे यंत्र अहोरात्र चालले तर महिन्याला सुमारे २५० युनिट वीज लागते आणि घराचे वीजबिल वरच्या दराच्या टप्प्यात जाते.

आता बेरीज करू. मावशींचे ३८,११०, परिचारिका आणि नळ्यांचे २,०००, डायपर आणि इतर सामानाचे ७,८१०, औषधांचे ३,३३०, फिजिओथेरपी आणि डॉक्टरांचे ८,०००, उपकरणांचे ३,४००. एकूण ६२,६५० रुपये. हा चालू महिन्याचा खरा खर्च. पहिल्या महिन्यात मात्र ८,००० रुपये अनामत, नेण्या-आणण्याचे आणि जोडणीचे २,४०० रुपये, गादी आणि नोंदणी फी पूर्ण भरावी लागल्याने हातातून ८१,३५० रुपये जातात. अनामतीची पावती जपून ठेवावी आणि पलंग घरी येताच त्याची छायाचित्रे काढावीत, म्हणजे परत करताना वाद होत नाही. लघवीचा संसर्ग किंवा छातीत कफ होण्याचा महिना कधीतरी येतोच, त्यासाठी आणखी ६,००० रुपये बाजूला ठेवावेत.

यांतील काही रक्कम परत मिळू शकते. अनेक आरोग्यविम्यांत घरी आल्यानंतरचे ६० किंवा ९० दिवस औषधे आणि तपासण्यांचा खर्च मिळतो. मावशींचा पगार सहसा मिळत नाही. विम्याचे पैसे मिळवण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि मूळ बिले तारखेप्रमाणे लावून ठेवावीत आणि शक्य तिथे पैसे बँकेतून द्यावेत.

तीन महिन्यांनी हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. समजा आईंची लघवीची नळी निघाली. परिचारिकेची फेरी कमी होईल, पण डायपर रोज तीनाऐवजी पाच लागतील आणि महिन्याला सुमारे २,४३० रुपये वाढतील, म्हणजे प्रकृती सुधारली तरी खर्च किंचित वाढेल. गिळता येऊ लागून राइल्स ट्यूब निघाली की नळीचे सामान बंद होते आणि द्रव औषधांच्या जागी गोळ्या सुरू करता येतील का, हे डॉक्टरांना विचारता येते. खर्चात मोठा उतार पडतो तो आई आधार घेऊन स्वतः कूस बदलू लागल्यावर, कारण तेव्हा चोवीस तासांऐवजी दिवसाच्या बारा तासांच्या मावशींवर भागवता येते का, याचा विचार करता येतो. ८५० रुपये रोजाने त्यांचे महिन्याचे सुमारे २५,८५० रुपये होतात, आणि केवळ रोजातच ७,६१० रुपये कमी लागतात.