‘वरीलप्रमाणे’ म्हणजे नेमकं कुठलं वरचं?

नमस्कार. विषय पत्रिकेत छापलाय: चॅटबॉटला बरोबर उत्तर सापडावं म्हणून प्रश्नोत्तरं कशी लिहावीत आणि तपासावीत. तपासणीवर शेवटी येतो. आधी ‘वरीलप्रमाणे’ या शब्दाबद्दल बोलू द्या, कारण निम्मी चुकीची उत्तरं तिथूनच निघतात असं माझं ठाम मत आहे.

बॉटला दिलेल्या आपल्या प्रश्नोत्तरांच्या फाइलचे आधी तुकडे पडतात, साधारण दोन-चारशे शब्दांचे. प्रत्येक तुकड्याच्या अर्थाची आकड्यांत नोंद होते. कुणी प्रश्न विचारला की त्याच्या जवळ जाणारे चार-पाच तुकडे निवडले जातात आणि उत्तर लिहिणाऱ्या मॉडेलपुढे तेवढेच ठेवले जातात. आख्खी फाइल त्याच्यासमोर नसते. मग ‘वरीलप्रमाणे’ म्हटल्यावर त्यानं वर कुठे बघायचं?

एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. प्रश्न 14: गुणपडताळणीसाठी अर्ज कसा करावा? उत्तर: निकालानंतर 10 दिवसांत विद्यार्थी पोर्टलवर, प्रति विषय 50 रुपये. प्रश्न 15: पुनर्मूल्यांकनासाठी? उत्तर: वरीलप्रमाणेच, मात्र छायांकित प्रत आधी घ्यावी, शुल्क 300 रुपये.

विद्यार्थी विचारतो, ‘पेपर रिचेकिंगला टाकायचाय, किती पैसे?’ कागदावर ‘रिचेकिंग’ कुठेच नाही. प्रश्न 15 मध्ये तर अर्ज, पोर्टल, मुदत यांतलं काहीच नाही. 14 मध्ये ते सगळं आहे, म्हणून तोच वर येतो आणि बॉट ठामपणे 50 रुपये सांगतो. विद्यार्थी गुणपडताळणीचा अर्ज भरून मोकळा होतो. गुणपडताळणीत फक्त बेरीज बघतात, पेपर परत तपासत नाहीत, हे त्याला निकाल आल्यावर कळतं. बॉटनं इथे मनचं काही सांगितलं नाही, आपणच लिहिलेलं वाचून दाखवलं.

आता तेच उत्तर नीट लिहू. प्रश्न: ‘पेपर पुन्हा तपासून घ्यायचा आहे, म्हणजे रिचेकिंग किंवा पुनर्मूल्यांकन. अर्ज कसा करायचा आणि फी किती?’ उत्तर: ‘पुनर्मूल्यांकनाचा अर्ज निकालानंतर 10 दिवसांत विद्यार्थी पोर्टलवर करावा. पुनर्मूल्यांकनाचं शुल्क प्रति विषय 300 रुपये आहे. छायांकित प्रत घेतल्याशिवाय हा अर्ज करता येत नाही. हे नियम 2025-26 च्या पदवी परीक्षांना लागू आहेत.’

‘पुनर्मूल्यांकन’ पुन्हा पुन्हा आलंय. शाळेत बाईंनी लाल रेघ मारली असती, इथे मारू नका. प्रत्येक वाक्य एकटं उचललं तरी कशाबद्दल आहे ते कळलं पाहिजे. अट आणि अपवादही त्याच उत्तरात हवेत. ‘मात्र’नं सुरू होणारा परिच्छेद पुढच्या तुकड्यात गेला, तर नियम पोचतो आणि अपवाद मागे राहतो. पदव्युत्तरचे नियम वेगळे असतील तर त्यांचा प्रश्न वेगळा करा.

जाता जाता पीडीएफबद्दल सांगतो, कारण मराठीत हे दुखणं मोठं आहे. जुनी परिपत्रकं युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे उमटेल तेच यंत्राला दिसतं. युनिकोडच्या पीडीएफमधूनही वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, तेव्हा मूळ वर्ड फाइल मिळवा. तक्त्यांचंही तसंच. पान उलटलं की ‘शुल्क’ हा मथळा मागे राहतो आणि तुकड्यात नुसता 300 उरतो. म्हणून तक्त्यातली प्रत्येक ओळ पूर्ण वाक्यात लिहा.

पाच मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा तपासणी भरभर सांगतो.

खिडकीवर आणि फोनवर आलेले तीसेक प्रश्न जसेच्या तसे गोळा करा, अशुद्ध आणि ‘recheking last date’ असे रोमनमधलेसुद्धा. प्रत्येकासमोर बरोबर उत्तर फाइलमधल्या कुठल्या प्रश्नोत्तराच्या नोंदीत आहे ते लिहा. मग बॉटचं उत्तर वाचण्याआधी त्यानं कुठले तुकडे उचलले ते बघा. ते दाखवण्याची सोय बॉट बनवणाऱ्याकडून मागूनच घ्या. बरोबर नोंद पहिल्या पाचांत आली नसेल, तर प्रश्नाची भाषा बदला, लोकांचे शब्द त्यात घाला. ती नोंद आली आणि तरी उत्तर चुकलं, तर बाकीचे चार तुकडे वाचा. तिथे बहुधा मागच्या वर्षीचं परिपत्रक निघतं, वेगळ्या शुल्काचं. ते संकेतस्थळावरून काढणं पुरत नाही. बॉटच्या साठ्यातूनही काढून साठा नव्यानं तयार करावा लागतो.

फाइलमध्ये ज्यांचं उत्तरच नाही असे चार-पाच प्रश्नही यादीत ठेवा, उदाहरणार्थ वसतिगृहाची फी. त्यावर बॉटनं ‘ही माहिती माझ्याकडे नाही’ म्हणून कार्यालयाचा फोन नंबर दिला, तर ते उत्तर बरोबर धरा. तो नंबर मात्र एका स्वतंत्र नोंदीत लिहिलेला हवा.