चौऱ्याऐंशी म्हणजे नेमकं किती?

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘बुद्धी एक की अनेक?’ आणि अध्यक्षांनी बजावलंय की पावणेआठच्या पुढे एक मिनिट मिळणार नाही. त्याआधी मला एका आकड्याबद्दल बोलायचंय. तो आकडा आहे ८४. या आकड्याशी माझं जुनं भांडण आहे.

सातवीतला एक मुलगा आमच्याकडे तपासणीला आला. तोंडी विचाराल तर फडाफडा उत्तरं, गणिताची रीत डोक्यात पक्की, पण वाचायला दिलं की एकेक अक्षर ओढत बसायचा. वाचनाची अध्ययन अक्षमता असावी असं कुणालाही वाटलं असतं. तसं प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण २०१८ सालच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत क्रम असा होता की आधी बुद्ध्यंक काढायचा आणि तो ८५ च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेची चाचणी करायची. ह्याचा आला ८४. झालं. शाळेने कागद बघितला आणि आईला म्हणाली, “तुमचा मुलगा मुळातच मंद आहे हो.” माझं भांडण ते इथून सुरू झालं.

हे ८४ आले कुठून? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या धर्तीवरची चाचणी असते. आपल्याकडे तिचं भारतीय रूप नागपुरात मालिन यांनी १९६९ साली तयार केलं. ते अजूनही वापरात आहे, आणि २०१८ च्या त्या सूचनांमध्येही त्याचं नाव होतं. चाचणीचे दोन भाग, शाब्दिक आणि कृतीचा. शाब्दिक भागात साम्य ओळखायचे प्रश्न असतात. खरे प्रश्न सांगत नाही, नाहीतर उद्या क्लासवाले छापतील. पण समजा, आंबा आणि केळं यांत सारखं काय, असं विचारलं. “दोन्ही फळं” म्हटलं तर दोन गुण, “दोन्ही गोड” म्हटलं तर एक. कृतीच्या भागात लाल-पांढरे ठोकळे जुळवून चित्रासारखी नक्षी करायची, समोर घड्याळ चालू. या कच्च्या गुणांना एकट्याने काही अर्थ नसतो. त्याच वयाच्या पुष्कळ मुलांना आधी हीच चाचणी दिलेली असते. त्यांची सरासरी १०० धरायची आणि गुण किती पसरलेत त्याचं माप १५ धरायचं. मग आपल्या मुलाची जागा त्या रांगेत कुठे पडते ते बघायचं. ८५ म्हणजे सरासरीच्या खाली एक माप. शंभरांतली साधारण सोळा मुलं त्याच्या खाली असतात. १३० च्या वर शंभरात जेमतेम दोन.

म्हणजे बुद्ध्यंक हा रांगेतला क्रम आहे, वजन नाही. १२० वाल्याकडे ६० वाल्याच्या दुप्पट बुद्धी असते, असं त्यावरून म्हणता येत नाही.

सुरुवातीला तो खराखुरा भागाकार होता. पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायला चाचणी केली आणि पुढे ‘मानसिक वय’ आणलं. ही मोजदाद बदलू न शकणारी आहे, असं बिने यांनी कधी म्हटलं नाही, उलट तसं म्हणणाऱ्यांवर ते चिडायचे. जर्मनीत स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं, अमेरिकेत टर्मन यांनी त्याला शंभराने गुणलं. आठ वर्षांच्या मुलीचं मानसिक वय दहा असेल तर १२५. छान. पण चाळिशीच्या माणसाला हे लावा बघू! मानसिक वय सोळाच्या आसपास थबकतं आणि खरं वय चालूच राहतं. या हिशेबाने या सभागृहातले बरेच जण गेले कामातून. (हशा) म्हणून वेक्सलर यांनी १९३९ मध्ये मोठ्यांच्या चाचणीत भागाकार सोडला आणि रांग आणली.

आपला माणूस सांगायचा राहिला. व्ही. व्ही. कामत. धारवाडला बसून त्यांनी बिने यांची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, १९४० साली पुस्तक काढलं. आजही दवाखान्यांत ‘बिने-कामत’ हे नाव ऐकाल. आणि आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ आहे, तिची गाईडं मिळतात, सराव घेतात. घोकून गेलेल्या मुलाची त्यात मोजली जाते ती तयारी. असो, घड्याळ बघते.

तर ८४. पहिली गोष्ट, अशा चाचण्यांत साधारण तीन गुणांची मापनचूक धरतात. हाच मुलगा पुन्हा बसला असता तर ८० किंवा ८८ सहज आले असते. त्याचा पट्टा साधारण ७८ ते ९० म्हणा. फ्लोरिडात बौद्धिक अक्षमता मानून मृत्युदंड टाळायला ७० ही रेघ होती आणि मृत्युदंड झालेल्या एका कैद्याचे गुण ७१ होते. मापनचूक विचारात न घेता अशी रेघ मारता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. दुसरी गोष्ट मला जास्त झोंबली. त्याचे शाब्दिक ७४ होते आणि कृतीचे ९४. सरासरी ८४. ज्याला वाचता येत नाही त्याचा शब्दसंग्रह वाढतो कुठून? ज्या अडचणीसाठी तो आला, तिनेच त्याचा आकडा पाडला, आणि त्याच आकड्याने त्याला दारातून परत पाठवलं.

(अध्यक्ष चिठ्ठी देतात.) पाच मिनिटं? बरं. एक की अनेक, ते आता पळत सांगते.

१९०४ मध्ये इंग्लंडमध्ये स्पिअरमन यांना दिसलं की अभिजात भाषा, फ्रेंच, गणित, अगदी संगीतातसुद्धा, एकात बरी असलेली मुलं दुसऱ्यातही बरी असतात. त्यामागे एक सामान्य घटक असावा, त्याला त्यांनी g म्हटलं. हे निरीक्षण शंभर वर्षं टिकलंय. थर्स्टन यांनी सात वेगळ्या क्षमता सुचवल्या, पण त्या सातही एकमेकींशी जुळताना दिसल्या. कॅरॉल यांनी १९९३ मध्ये चारशेहून जास्त अभ्यासांची आकडेवारी पुन्हा तपासली आणि वर g, मधे काही विस्तृत क्षमता, तळाशी बारीक कौशल्यं अशी उतरंड मांडली. मात्र g सापडतो म्हणून मेंदूत त्याची एखादी गाठ आहे असं नाही. थॉमसन यांनी १९१६ मध्येच दाखवलं होतं की सुटे लहान घटक निरनिराळ्या कामांत वाटले गेले, तरी असाच सहसंबंध दिसतो.

बुद्धी अनेक आहेत असं म्हणणारे गार्डनर १९८३ चे. भाषिक, संगीताची, शारीरिक, अशा सात बुद्धी, पुढे निसर्गाचीही. शाळांच्या माहितीपत्रकात तुम्ही त्या वाचल्याच असतील. त्यांचा आधार मेंदूला इजा झालेले रुग्ण आणि असामान्य मुलं, चाचणीचे गुण नव्हेत. लोकांनी नंतर त्यावर चाचण्या केल्या तेव्हा भाषा, तर्क आणि अवकाश या तिघी पुन्हा g कडेच झुकल्या. शिवाय ‘हा बघून शिकतो, ती ऐकून शिकते’ ही पाटी गार्डनर यांच्या नावावर खपवतात, ती त्यांनी स्वतः नाकारली आहे.

मी स्पिअरमनच्या बाजूची आहे, लपवत नाही. पण g मानणाऱ्याला मधली उतरंडही मानावी लागते. ७४ आणि ९४ मध्ये वीसचं अंतर असेल तर सरासरी लिहून मोकळं होता येत नाही. त्या मुलासाठी आम्ही अहवालात दोन्ही भाग, पट्टा आणि वाचनाचे नमुने जोडून फेरतपासणी मागितली. कुणाच्या घरी असा कागद आला तर नुसता एक आकडा स्वीकारू नका, उपचाचण्यांचं पान मागा. ते तपासणाऱ्याकडे असतंच. बहुतेक वेळा कुणी मागत नाही म्हणून दिलं जात नाही.