डिजिटल आरसा, चाळिशी आणि थकणारे डोळे

(नागपुरातील ज्येष्ठ नागरिकांसमोर एका ऑप्टोमेट्रिस्टने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक काका आले. वय सत्तावन्न, काटोलकडे संत्र्याची बाग, राहणं नागपुरात. नवी गाडी घेतली होती आणि तिच्यात आतल्या आरशाच्या जागी पडदा होता. मागच्या काचेजवळचा कॅमेरा जे बघतो ते त्या पडद्यावर दिसतं. काकांची तक्रार अशी, "पडद्याचा फोकस बिघडलाय. शोरूमवाले म्हणतात, फोकसचं बटणच नाही. रात्री समृद्धीवरून आलो की डोळे जड होतात, कपाळ दुखतं."

शोरूमवाल्यांचं खरं होतं. या आरशांत ब्राइटनेस कमी-जास्त करता येतो, चित्र वर-खाली सरकवता येतं, काहींत थोडं झूमही असतं. पण कॅमेऱ्याचं भिंग एका ठरावीक फोकसवर कायमचं बसवलेलं असतं. उरलेला फोकस आपल्या डोळ्यांनाच करावा लागतो, आणि इथेच आरसा आणि पडदा यांत मोठा फरक पडतो.

साधा आरसा तुमच्यापासून हातभरावर असतो, पण त्यात दिसणारा ट्रक हातभरावर नसतो. मागे पन्नास मीटरवर ट्रक असेल, तर त्याची प्रतिमा आरशाच्या पलीकडे तितक्याच अंतरावर तयार होते. म्हणजे रस्त्यावरून आरशाकडे नजर गेली तरी डोळा लांबचंच बघत असतो, त्याला फोकस बदलावा लागत नाही. पडद्यावरचा ट्रक मात्र खरोखरच हातभरावर असतो, कारण तो पडद्यावरचे ठिपकेच आहे. प्रत्येक वेळी तिकडे बघताना डोळ्यातलं भिंग फुगवावं लागतं, दोन्ही बुबुळं किंचित आत वळवावी लागतात, आणि रस्त्याकडे परतताना हे सगळं पुन्हा सैल करावं लागतं. ताशी १२० किलोमीटरने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. वयाबरोबर ही अदलाबदल मंदावते, त्यामुळे या काळाला किंमत आहे.

काकांच्या डोळ्यापासून पडदा किती लांब आहे ते आम्ही टेपने मोजलं. ६६ सेंटिमीटर निघालं. तेवढ्या जवळचं स्पष्ट दिसायला डोळ्याला साधारण दीड नंबराचा जोर स्वतःहून लावावा लागतो. सत्तावन्नाव्या वर्षी बहुतेकांकडे हा जोर जेमतेम एक-सव्वा उरतो, आणि त्यातला निम्मा वापरला तरच डोळा दीर्घकाळ आरामात राहतो. काकांचे डोळे पूर्ण ताकद लावूनही पडद्याला पुरे पडत नव्हते. चष्मा होता प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा नंबर वरच्या भागात आणि जवळचा खाली. पडदा मात्र डोळ्यांच्या वर. त्यामुळे ते पडद्याकडे लांबच्या नंबरातून बघत होते. अधूनमधून हनुवटी वर उचलून खालच्या भागातून बघायचा प्रयत्न करत, म्हणून मानही दुखायची. बायफोकलवाल्यांचीही हीच अडचण असते. चाळिशीच्या आतल्या मुलाला यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून गाडी विकणाऱ्या तरुणाला काकांची तक्रार कळली नाही, यात त्याचा दोष नाही.

आता एक प्रश्न उरतो: पडदा धूसर दिसतो तेव्हा दोष डोळ्याचा की कॅमेऱ्याचा? यासाठी गाडी उभी करून एक सोपी चाचणी करा. मागे आठ-दहा पावलांवर दुसरी गाडी असू द्या. आपल्या जागेवरूनच मोबाइलने पडद्याचा फोटो काढा आणि तो मोठा करून, नेहमीचा वाचायचा चष्मा लावून बघा. फोटोत नंबर प्लेट स्वच्छ वाचता येत असेल, तर कॅमेरा बरा आहे आणि प्रश्न तुमच्या नजरेचा आहे. फोटोही धूसर असेल, तर कॅमेऱ्यासमोरची काच पुसा. आपल्याकडे मे महिन्यात धूळ आणि पावसाळ्यात थेंब असतात. नव्या गाडीत संरक्षक प्लास्टिक तसंच राहिल्याचंही मी पाहिलंय. काकांचा फोटो आरशासारखा लख्ख होता. मग मी त्यांच्या चष्म्यापुढे दीड नंबरचं भिंग धरलं आणि ते म्हणाले, "आता दिसतंय!" पण ते भिंग लावून गाडी चालवायची नाही, कारण समोरचा रस्ता धूसर होतो.

त्रास रात्रीच जास्त का, हे काकांनी विचारलं आणि प्रश्न फार योग्य होता. दिवसा उजेडात बाहुली आकुंचन पावते. लहान छिद्रातून बघितलं की फोकस थोडा चुकला तरी चित्र चालून जातं. रात्री बाहुली मोठी होते आणि तीच चूक उघडी पडते. वर पडदा जास्त तेजस्वी असेल, तर अंधाराला सरावलेला डोळा पुन्हा पुन्हा दिपतो. म्हणून ब्राइटनेस रात्रीच लावायचा. गाडी अंधाऱ्या जागी उभी करा, पाच-दहा मिनिटं डोळ्यांना सरावू द्या, आणि पडद्यावरचा काळा भाग आजूबाजूच्या अंधारापेक्षा थोडाच उजळ वाटेल इथपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. मग पडद्याकडे बघून लगेच समोर बघा. नजरेत उजळ चौकटीचा डाग रेंगाळला, तर अजून कमी करा. ऑटो ब्राइटनेस असला तरी ही चाचणी करा, कारण सेन्सर प्रकाश मोजतो, तुमच्या डोळ्याचं वय मोजत नाही. मात्र ब्राइटनेसने चमक आवरते, फोकसची अडचण त्याने सुटत नाही.

दिवसाची अडचण वेगळी. पडद्यावर चकचकीत काच असते आणि तिच्यात मागच्या खिडकीचं प्रतिबिंब चित्रावर चढतं. प्रतिबिंब लांबचं आणि चित्र जवळचं, त्यामुळे डोळा दोघांत ओढला जातो. कॅमेरा चालू असताना आरसा किंचित असा वळवा, की काचेत छताचं गडद कापड दिसेल. सनरूफ असेल तर त्याचा पडदा ओढा.

एक सावधगिरीही सांगतो. कॅमेरा साध्या आरशापेक्षा रुंद बघतो, म्हणून मागची वाहनं छोटी आणि लांब भासतात. लेन बदलण्याआधी बाहेरचा आरसा बघाच. डोकं हलवून चित्रात जास्त काही दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

काकांना मी नवा चष्मा दिला नाही. त्यांच्या आरशाखालची कळ ढकलली की तो साधा आरसा होतो, आणि एरवी त्याच रूपात तो ठेवा, असं मी सांगितलं. काटोलहून येताना मागे पेट्या छतापर्यंत भरल्या, की साध्या आरशात फक्त पेट्या दिसतात. तेव्हा कॅमेरा लावा. त्या वेळी पडद्यावर बारकावे शोधू नका, मागे वाहन आहे का आणि ते वाढत येतंय का, एवढंच बघा. धूसर डोळ्यालाही तेवढं कळतं. महिन्याने ते पुन्हा आले तेव्हा कपाळदुखी थांबली होती. हनुवटी उचलायची सवय मात्र अजून पूर्ण गेलेली नव्हती.

तुमच्याही गाडीत असा पडदा असेल, तर डोळे तपासायला येताना डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून आणा, आणि गाडी चालवताना लावता तोच चष्मा सोबत असू द्या.