मुलांची उंची आणि महिने

नमस्कार श्रोतेहो. समजा, डिचोलीतल्या सात वर्षांच्या मुलाची उंची १० जूनला सकाळी मोजली, ११८ सेंटिमीटर भरली. १० सप्टेंबरला संध्याकाळी पुन्हा मोजली तर ११८.८. आईने हिशेब केला: तीन महिन्यांत ०.८, म्हणजे वर्षाला जेमतेम ३.२! या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते, तेव्हा तिला धास्ती वाटणारच.

पण मूल बारा महिने एकाच वेगाने वाढत नाही. कोपनहेगनच्या मूकबधिर मुलांच्या शाळेचे प्रमुख रास्मुस मॉलिंग-हान्सन यांनी १८८० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांची उंची आणि वजन रोजच्या रोज मोजलं. केवढी चिकाटी! त्यांना दिसलं की उंची वसंत आणि उन्हाळ्यात भराभर वाढते, तर वजन शरद ऋतूत. म्हणजे मूल आधी उंच होतं, मग भरतं.

असं का? संशय उजेडावर आहे. १९७१ साली ब्रिटनमध्ये अंध मुलांची वाढ तपासली गेली. त्यांचाही वेग वर्षभरात कमी-जास्त होत होता, पण डोळस मुलांसारखा ठरावीक ऋतूशी जुळत नव्हता. कुणी थंडीत जास्त वाढलं, कुणी उन्हाळ्यात. तेव्हा डोळ्यांतून पोचणारा उजेड शरीराचं वार्षिक घड्याळ लावत असावा, असा अंदाज आहे. नेमकी यंत्रणा अजून उलगडलेली नाही.

आता हे गोव्याला जसंच्या तसं लावू नका. कोपनहेगनला उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा दिवस यांत दहा तासांचा फरक. पणजीत दोन तासांचा, तोही धड नाही. उष्ण प्रदेशांत पाऊस, आजारपण आणि खाणं यांचा परिणाम ठळक दिसतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात पावसाळ्यात साठवलेलं धान्य संपतं, जुलाब आणि मलेरिया वाढतात, नि लहान मुलांचं वजन वाढणं मंदावतं. आपल्याकडे धान्याची तशी ओढ नसते, पण पावसाळ्यात दोनदा तापाने पडलेलं मूल त्या तिमाहीत मागे राहू शकतं आणि बरं झाल्यावर ती कसर भरून काढतं.

डिचोलीच्या त्या आकड्यात आणखी एक गोम आहे. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची एखाद्या सेंटिमीटरपर्यंत कमी भरते. शिवाय मोजण्यातही अर्ध्या सेंटिमीटरची चूक सहज होते. तीन महिन्यांच्या आकड्याला चारने गुणलं की चूकही चौपट होते. त्याच मुलाला पुढच्या १० जूनला सकाळी मोजलं नि १२३.४ भरली, तर वर्षाची वाढ ५.४. काळजीचं कारण नाही.

म्हणून जूनची तुलना जूनशीच करा, सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून. मुलीची वेणी किंवा अंबाडा सोडायला विसरू नका. पाच वर्षांपुढच्या, वयात न आलेल्या मुलाची अख्ख्या वर्षाची वाढ चार सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर मात्र ऋतूवर ढकलू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना तारखांसकट जुन्या नोंदी घेऊन जा.