आवाज मागे पडत असेल, तर ऑडिओ डिले वाढवू नका

नमस्कार. टीव्हीवर निवेदकाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून ऐकू येतात, तेव्हा अनेक जण साउंडबारचा रिमोट घेऊन ऑडिओ डिलेचा आकडा वाढवत जातात, आणि त्यामुळे दोष आणखी वाढतो. ही सेटिंग आवाजाला फक्त थोपवून धरू शकते. उशिरा आलेल्या आवाजाला ती पुढे ओढू शकत नाही. चित्रावर प्रक्रिया करताना टीव्हीचा वेळ जातो आणि आवाज आधी पोहोचतो, त्या उलट अडचणीसाठी ती दिलेली असते.

म्हणून आधी नेमके काय मागे आहे ते पाहा. बातम्या लावा आणि निवेदक ‘मुंबई’ म्हणेल तेव्हा त्याच्या ओठांकडे लक्ष द्या, कारण म आणि ब उच्चारताना ओठ मिटावेच लागतात. ओठ मिटून उघडल्यावर म ऐकू आला, तर आवाज मागे आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे 45 मिलिसेकंद पुढे असला तरी प्रेक्षकाच्या लक्षात येतो, मात्र मागे असल्यास सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. म्हणजे तुम्हाला खटकणारा उशीर बहुधा त्याहून मोठा असतो.

आता एक उदाहरण घेऊ. सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडलेला आहे, टीव्हीतून एचडीएमआय एआरसीने आवाज साउंडबारकडे जातो, आणि साउंडबारवर डिले 100 आहे. तो शून्यावर आणा, आणि टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमधील डिलेही शून्य करा, कारण दोन्हींची बेरीज होते. हे दुसरे ठिकाण हमखास विसरले जाते. तरीही आवाज मागे राहिला, तर टीव्हीच्या डिजिटल ऑडिओ आउटपुटमध्ये PCM, म्हणजे आधीच उलगडलेला साधा डिजिटल आवाज, निवडा. मग साउंडबारला डॉल्बीचा संकेत उलगडावा लागत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा उशीर कमी होतो. मात्र साध्या एआरसीवरून PCM दोनच चॅनेलचा आवाज नेते, त्यामुळे सराउंडचा परिणाम जातो. बातम्या आणि मालिकांसाठी ही किंमत मला रास्त वाटते.

साउंडबार ब्लूटूथवर असेल, तर आधी केबल लावा, कारण ब्लूटूथचा उशीर सहज 200 मिलिसेकंदांच्या आसपास जातो. त्या इनपुटवर गेम मोड चालू असल्यास तोही बंद करून पाहा. त्या मोडमध्ये टीव्ही चित्रावरची प्रक्रिया कमी करतो, त्यामुळे चित्र पुढे धावते आणि आवाज मागे पडल्यासारखा वाटतो.

एवढे करून ‘मुंबई’ पुन्हा तपासा. आता आवाज ओठांच्या आधी येऊ लागला, तरच डिले 20-20 मिलिसेकंदांनी वाढवा आणि दर वेळी काही वाक्ये ऐका. दोष एकाच ॲपमध्ये दिसत असेल आणि वेळेनुसार वाढत जात असेल, तर तो या सेटिंगने सुटणार नाही. ते ॲप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.